न्यूकमध्ये चेहरा बदलण्याच्या शॉटचा ग्राफ: हनुवटीखालचा सांधा सरकतो आहे आणि ग्रेड कुठे ठेवावा हे ठरत नाही

अभिजित_कोल्हापूर

नमस्कार. कोल्हापुरातल्या एका तालमीत चित्रित झालेल्या कुस्तीच्या प्रसंगातील एक शॉट माझ्याकडे आला आहे. डाव एका खऱ्या पैलवानाने केले आहेत आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी नटाचा चेहरा बसवायचा आहे. शॉट १००१ ते १११८ असा ११८ फ्रेमचा आहे, २५ फ्रेम प्रतिसेकंद या गतीचा आहे आणि कॅमेरा हातात धरलेला आहे. नटाचा चेहरा त्याच आखाड्यात, त्याच ५० मिमी लेन्सने वेगळा घेतलेला असल्यामुळे साहित्य चांगले आहे.

माझ्या ग्राफची रचना सध्या अशी आहे. नटाच्या प्लेटवर ट्रॅकर लावून कॉर्नरपिनने चेहरा स्थिर केला. त्याखाली ट्रान्सफॉर्म लावून तो पैलवानाच्या चेहऱ्याच्या मापात आणला. त्याखाली रोटो, प्रीमल्ट आणि दोन ग्रेड आहेत. शेवटी पैलवानाच्या ट्रॅकवरून काढलेला दुसरा कॉर्नरपिन चेहऱ्याला पुन्हा हालचाल देतो आणि मर्ज होते. रोटो काढण्यासाठी पैलवानाची प्लेटही बाजूला एका कॉर्नरपिनने स्थिर केली आहे. सर्व ट्रॅकचा संदर्भ फ्रेम १०४७ आहे.

अडचणी तीन आहेत. डोळे आणि नाक पक्के बसलेले दिसतात, पण साधारण १०६० पासून हनुवटीखालचा सांधा मानेवर सरकू लागतो. चेहऱ्याची त्वचा मूळ प्लेटपेक्षा मऊ दिसते. आणि तांबड्या मातीवरून उसळणारा लालसर प्रकाश मी जबड्यावर ग्रेडने आणला आहे, तो पैलवान मान खाली घालतो तेव्हा खोटा वाटतो. एक अडचण सोडवायला गेलो की नोड वाढतात आणि ग्राफ वाचेनासा होतो. नोड कोणत्या क्रमाने मांडावेत, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सुहास_पुणे

सांधा सरकण्याचे कारण मला स्पष्ट दिसते. ट्रॅकरमधून कॉर्नरपिन काढताना `CornerPin2D (use current frame)` हा पर्याय निवडला, तर तेव्हा ज्या फ्रेमवर आपण उभे असतो तीच संदर्भ फ्रेम धरली जाते. एक पिन १०४७ वर उभे राहून काढला आणि दुसरा अन्य फ्रेमवर, तर दोघांचे मूळ बिंदू वेगळे होतात आणि वस्तू जागेवर परत येत नाही. दोन्ही पिन पुन्हा काढा.

दुसरे असे की दोन्ही प्लेटची लेन्सची वक्रता सुरुवातीलाच काढून टाका, सर्व काम सरळ केलेल्या प्लेटवर करा आणि शेवटी वक्रता परत द्या. ही शिस्त प्रत्येक शॉटला पाळावी.

विनायक_इचलकरंजी

माझ्याकडेही ट्रॅकिंगची हीच अडचण आहे. एका जाहिरातीत दंडावरचे गोंदण काढायचे आहे. मी स्वच्छ त्वचेचा एक तुकडा रंगवून ट्रॅकरच्या मॅचमूव्हने बसवला, पण दंड वळला की तुकडा कडेला सुटतो. अभिजित, तुम्ही चार बिंदूंऐवजी आठ-दहा बिंदू लावून पाहिलेत का? माझ्याकडे बिंदू वाढवल्यावर थरथर कमी झाली.

मृण्मयी_शाहूपुरी

विनायक, तुमचा दंड गोल आहे आणि प्रश्न वळण्याचा आहे. अभिजितचा प्रश्न वेगळा दिसतो, कारण त्यांचे डोळे-नाक बसलेले आहे आणि फक्त सांधा सरकतो आहे. तुमच्याकडे नंतर येते.

अभिजित, काहीही पुन्हा ट्रॅक करण्याआधी एक चाचणी करा. पैलवानाच्या मूळ प्लेटला, ज्या पिनने ती स्थिर करून तुम्ही रोटो काढलात तो पिन जोडा, आणि त्याच्या लगेच खाली परत हालचाल देणारा पिन जोडा. मध्ये एक डॉट चालेल, दुसरे काहीही नको. आता हे चित्र आणि मूळ प्लेट यांचा `difference` मर्ज करा आणि व्ह्यूअरचा गेन भरपूर वाढवा. स्थिर करणे आणि परत नेणे ही एकमेकांची उलट क्रिया असल्याने, दोन्ही पिन एकाच माहितीवर चालत असतील तर चित्र पूर्ण काळे राहिले पाहिजे.

काळे राहिले नाही, तर फरक कोणत्या फ्रेमवर कसा दिसतो ते लिहा. सुहास म्हणतात तसे संदर्भ फ्रेम वेगळे असतील, तर चित्र १०४७ सकट प्रत्येक फ्रेमवर सरकलेले दिसेल. १०४७ वर काळे असून पुढे फरक वाढत गेला, तर कारण वेगळे आहे.

अभिजित_कोल्हापूर

चाचणी केली. १०४७ वर पूर्ण काळे आहे. १०५५ पर्यंत जवळजवळ काळेच राहते. त्यानंतर लंगोटाच्या काठावर आणि जबड्याच्या रेषेवर पांढऱ्या कडा दिसू लागतात आणि १०८० ला त्या दोन-तीन पिक्सेल जाडीच्या होतात. ट्रॅकर मात्र दोन्हींचा एकच आहे, याची खात्री केली आहे.

मृण्मयी_शाहूपुरी

मग रोटोसाठी वापरलेल्या पिनचे नॉब पाहा. त्याच्या `to1` ते `to4` मध्ये प्रत्येक फ्रेमवर की असतील, तर तो `baked` पर्यायाने काढलेला आहे. परत नेणारा पिन मात्र ट्रॅकरशी एक्सप्रेशनने जोडलेला असणार. रोटो काढून झाल्यावर तुम्ही १०५५ नंतरचे ट्रॅकबिंदू सुधारले असतील, तर परत नेणारा पिन नव्या ट्रॅकवर चालतो आणि रोटोच्या की जुन्या ट्रॅकवर स्थिर केलेल्या चेहऱ्यावर मारलेल्या राहतात. चेहरा नव्या, बरोबर जागी बसतो. त्याची कड मात्र जुन्या जबड्याच्या हिशेबाने चालते. नाक पक्के आणि हनुवटीखाली सरकणे, हे लक्षण याच्याशी जुळते.

एकाच ट्रॅकचे पिन ग्राफमध्ये दोन-तीन ठिकाणी लागतात, हे अटळ आहे. त्यामुळे माझा नियम असा आहे की एका चेहऱ्यासाठी खरा पिन एकच ठेवायचा, त्याला नाव द्यायचे आणि बाकीचे त्याच्याकडूनच आकडे घेतील असे जोडायचे. क्लोन नोड मी या कामी टाळते, कारण येथे एक उलटा आणि एक सुलटा हवा असतो आणि क्लोनमध्ये सर्वच नॉब समान होतात. स्क्रिप्ट एडिटरमध्ये एवढे पुरेसे आहे:

```python
m = nuke.toNode('CP_MATCH')
s = nuke.toNode('CP_STAB_PLATE')
for k in ['%s%d' % (a, n) for a in ('to', 'from') for n in (1, 2, 3, 4)]:
    s[k].setExpression('parent.CP_MATCH.%s.x' % k, 0)
    s[k].setExpression('parent.CP_MATCH.%s.y' % k, 1)
s['invert'].setValue(True)
```

येथून पुढे ट्रॅक कितीही सुधारला तरी दोन्ही पिन बरोबरच बदलतील आणि फरकाची चाचणी कायम काळी राहील. ती चाचणी ग्राफच्या कोपऱ्यात तशीच ठेवून द्या. १०५५ नंतरच्या रोटोच्या की मात्र तुम्हाला नव्याने पाहाव्या लागतील. त्याला जवळचा मार्ग नाही.

आता मऊपणाबद्दल. न्यूकमध्ये ट्रान्सफॉर्म आणि कॉर्नरपिन एकाखाली एक सलग जोडले, तर तो त्यांचे गणित एकत्र करतो आणि चित्र एकदाच फिल्टर होते. मध्ये रोटो, प्रीमल्ट, ग्रेड यांपैकी काहीही आले की साखळी तुटते आणि चित्र दोनदा फिल्टर होते. तुमच्या ग्राफमध्ये स्थिर करणारा पिन आणि मापात आणणारा ट्रान्सफॉर्म सलग आहेत. मग रोटो, प्रीमल्ट आणि दोन ग्रेड. मग परत नेणारा पिन. क्यूबिक फिल्टर दोनदा लागल्यावर त्वचेची रंध्रे आणि मिशीचे केस मऊ होणारच.

म्हणून मी रचना अशी करीन. नटाची प्लेट, तिच्या लगेच खाली टाइमऑफसेट, मग डीनॉइज, मग पहिला ग्रेड. हे सर्व नटाच्या मूळ प्लेटच्या जागेत घडते आणि येथे एकही पिक्सेल हललेला नसतो. त्यानंतर तीन नोड सलग: `CP_STAB_ACTOR`, `ALIGN` आणि `CP_MATCH`. यांच्यामध्ये कोणीही काहीही घालू नये, असे मी स्टिकीनोटवर लिहून ठेवते, कारण शॉट दुसऱ्याच्या हातात गेला की तेथेच कोणीतरी ग्रेड घालतो. `CP_MATCH` नंतर आपण पैलवानाच्या प्लेटच्या जागेत आलेलो असतो. तेथे दुसरा ग्रेड, मग मास्कची कॉपी, एकच प्रीमल्ट आणि मर्ज.

रोटोची फांदी वेगळी ठेवा. रोटो स्थिर केलेल्या पैलवानाकडे पाहून काढायचा, पण तो चेहऱ्याच्या साखळीत बसवायचा नाही. त्याच्याखाली `CP_MATCH` शी जोडलेला आणखी एक सुलटा पिन लावायचा आणि मग मास्क चेहऱ्याच्या अल्फामध्ये कॉपी करायचा. मास्कची कड तशीही मऊ असते, त्यामुळे तिचे फिल्टरिंग वेगळे झाले तरी बिघडत नाही.

पैलवानाची मूळ प्लेट हा ग्राफचा कणा आहे. ती वरून सरळ खाली येऊन प्रत्येक मर्जच्या बी इनपुटात जाते आणि तिच्यावर कधीही ट्रान्सफॉर्म लागत नाही. असे केले की कोणतेही मर्ज बंद केल्यावर तेवढाच थर नाहीसा होतो आणि दोष कोणत्या थरात आहे ते लगेच कळते. सुहास, याच कारणासाठी दोन्ही प्लेटची वक्रता सुरुवातीला काढण्याला माझा विरोध आहे. त्याने पूर्ण प्लेट दोनदा फिल्टर होते आणि ज्या भागाला आपण हात लावलेला नाही तोही मऊ होतो. त्रिमितीतला कॅमेरा लागत असेल तर वक्रता काढावी लागते हे खरे, पण तेव्हाही ती परत देण्याचे काम फक्त बसवलेल्या थरावर करावे.

सुहास_पुणे

वक्रतेचा मुद्दा पटला. मी बहुतेक त्रिमितीतल्या शॉटवर काम करतो, त्यामुळे ती सवय येथे आणली.

पण सलग तीन नोडांच्या नियमाबद्दल शंका आहे. कॉर्नरपिन हा सपाट पृष्ठभागासाठी असतो. पैलवानाने डोके वळवले की नाक आणि कान वेगवेगळ्या गतीने सरकतात. चार बिंदूंचा पिन ते दोन्ही सांभाळू शकत नाही. मग ग्रिडवॉर्प किंवा स्मार्टव्हेक्टरवरून चालणारा व्हेक्टरडिस्टॉर्ट लागणार आणि तो स्थिर केलेल्या चेहऱ्यावरच लावावा लागणार. तो लावला की साखळी तुटली. मग नियमाचा उपयोग काय?

मृण्मयी_शाहूपुरी

आक्षेप बरोबर आहे आणि याला पूर्ण उत्तर नाही. आधी वॉर्प खरोखर लागतो का, हे मोजावे. स्थिर केलेल्या पैलवानाच्या चेहऱ्यावर १०४७ चा फ्रेमहोल्ड ठेवून त्यांचा फरक पाहा. डोके १०४७ च्याच दिशेला असेपर्यंत फक्त प्रकाशातला बदल आणि डोळ्यांची उघडझाप दिसेल. डोके वळू लागले की नाकाच्या एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काळपट अशी जोड-कड उमटते. साध्या फरकाच्या चित्रात दोन्ही कडा उजळच दिसतात, म्हणून मी येथे `difference` ऐवजी `minus` वापरून व्ह्यूअरमध्ये पाहते. त्यामुळे सरकण्याची दिशा कळते. ही कड नटाच्या स्थिर चेहऱ्यावर त्याच फ्रेमला तशीच येत असेल, म्हणजे नटानेही डोके तेवढेच वळवले असेल, तर वॉर्पची गरज फार थोडी असते.

लागलाच, तर साखळी एकाच ठिकाणी तोडावी. म्हणजे `ALIGN` च्या खाली आणि `CP_MATCH` च्या वर एक जागा ठरवायची आणि स्थिर चेहऱ्यावर करावयाची सर्व कामे, म्हणजे वॉर्प, डाग पुसणे वगैरे, तेथेच एका बॅकड्रॉपमध्ये करायची. चित्र दोनदाच फिल्टर होईल, चार वेळा नाही. शेवटच्या पिनला क्यूबिकऐवजी सायमन किंवा रिफमनसारखा धारदार फिल्टर लावून थोडा तजेला परत येतो, पण घामाच्या चमकणाऱ्या थेंबांभोवती काळी कड येते का ते पाहावे लागते. या शॉटमध्ये कपाळावर घाम असेल, तर मी तो मोह टाळीन.

रेवती_डीआय

मी रंगसंस्काराच्या टेबलवर काम करते. असे शॉट माझ्याकडे आले की सांधे तेथेच उघडे पडतात, कारण मी सावल्या उचलते किंवा रंग गडद करते. त्यामुळे ग्रेडबद्दल थोडे लिहिते.

पहिला ग्रेड, जो नटाच्या मूळ प्लेटवर आहे, तो नजरेने करू नका. व्ह्यूअरमध्ये `Ctrl+Shift` दाबून ओढले की त्या चौकोनाची सरासरी मिळते. दोन्ही प्लेटमध्ये कपाळाचा एकच भाग घ्या. त्यावर घामाची चमक नको, कारण चमक ही दिव्याचा रंग सांगते, त्वचेचा नाही. समजा पैलवानाचे कपाळ ०.४२, ०.२१, ०.१३ आहे आणि नटाचे ०.३८, ०.२२, ०.१६. तर पहिल्याला दुसऱ्याने भागून `multiply` मध्ये १.१०५, ०.९५५ आणि ०.८१३ हे आकडे टाका. न्यूक रेषीय प्रकाशात काम करतो, त्यामुळे उजेड कमी-जास्त असणे हे खरोखरच गुणाकाराने सुटते. गॅमाला हात लावू नका. लावावासा वाटला तर समजा की दोन्ही प्लेटवरची सावली वेगळ्या दिशेची आहे, आणि ते गॅमाने सुटणार नाही.

आता मातीचा प्रकाश. अभिजित, तुम्ही तो मास्कसह स्थिर चेहऱ्यावर लावला आहे. म्हणजे तो जबड्याला चिकटलेला आहे. पण तो प्रकाश आखाड्याचा आहे. पैलवान मान खाली घालतो तेव्हा त्याचे कपाळ मातीकडे झुकते आणि लाली कपाळावर, भुवयांखाली यायला हवी. तुमच्याकडे ती हनुवटीलाच राहते, म्हणून खोटी दिसते. जे त्वचेचे आहे ते त्वचेबरोबर हलावे आणि जे जागेचे आहे ते जागेवर राहावे. म्हणून हा ग्रेड `CP_MATCH` च्या खाली, प्लेटच्या जागेत लावा. त्याचा मास्क खालून वर विरत जाणारा साधा मोठा रोटो असावा आणि मान खाली जाते तेथे त्याला दोन-तीन की द्याव्यात.

आणि तो `offset` ने देऊ नका, `multiply` नेच द्या. जबड्याखाली पैलवानाचे ०.०६०, ०.०२२, ०.०१२ असेल आणि पहिल्या ग्रेडनंतर नटाचे ०.०४८, ०.०२०, ०.०१२ येत असेल, तर १.२५, १.१० आणि १ एवढेच हवे आहे. `offset` ने लाल वाढवला तर मिशी आणि नाकपुड्यांतील काळेपणही लालसर होतो, जो प्रत्यक्षात होत नाही, कारण काळी मिशी तो प्रकाश परत पाठवतच नाही. तुमच्या नटाला मिशी आहे का माहीत नाही, पण असेल तर सर्वांत आधी तेथेच पाहा.

अभिजित_कोल्हापूर

मनापासून आभार. नटाला मिशी आहे आणि ती खरोखर धुरकट लाल दिसत होती. रचना बदलली. मिशी काळी झाली, सांध्याची सरक थांबली, कारण रोटोचा पिन `baked` च होता. कपाळाच्या एका भागाचा मऊपणाही गेला. मी अजून वॉर्प लावलेला नाही.

आता उरलेली एक गोष्ट. १०६२ ते १०७१ या काळात प्रतिस्पर्ध्याचा हात चेहऱ्यासमोरून जातो. हाताचा रोटो काढून मूळ प्लेटमधला हात कीमिक्सने परत आणला आहे. ते बरे दिसते. पण हाताच्या आधी आणि नंतर त्याची सावली पैलवानाच्या गालावर पडते आणि नटाच्या प्लेटमध्ये ती नाही. ग्रेडला हाताने की मारून सावली आणली, तर ती गालावरून सरकत जात नाही, संपूर्ण गाल एकदम काळवंडतो.

नीलेश_राजारामपुरी

पैलवानाच्या स्थिर केलेल्या गालावर कर्व्हटूल लावा, त्यात `Avg Intensities` निवडा आणि त्या आकड्यांचा १०४७ च्या आकड्याशी भागाकार ग्रेडच्या `multiply` ला जोडा. उजेडाचा चढउतार फ्रेमगणिक आपोआप मिळतो. मी तालमीतल्या पत्र्याच्या छपरातून येणाऱ्या उन्हाच्या लुकलुकीसाठी हेच करतो.

रेवती_डीआय

नीलेश, छपरातले ऊन संपूर्ण चेहऱ्यावर एकदम बदलते, तेथे तुमची पद्धत योग्य आहे. पण अभिजितची सावली गालावरून सरकत जाते. सरासरीचा एकच आकडा तिची कड दाखवू शकत नाही. हाताने की मारून जे झाले तेच होईल, फक्त अधिक अचूकपणे.

मी हे सुचवेन: पैलवानाचा डीनॉइज केलेला, स्थिर चेहरा ब्लर करा. त्याला त्याच चेहऱ्याच्या सावली नसलेल्या फ्रेमच्या, म्हणजे १०४७ च्या तेवढ्याच ब्लर केलेल्या फ्रेमहोल्डने भागा. येणारे चित्र सावली नसेल तेथे १ च्या आसपास असते आणि सावलीत १ पेक्षा खाली जाते. ते `CP_MATCH` च्या जोड-पिनमधून नेऊन नटाच्या चेहऱ्याला गुणा.

मृण्मयी_शाहूपुरी

पद्धत मी वापरली आहे, पण या शॉटमध्ये दोन अटी आहेत. एक, १०६२ ते १०७१ मध्ये हातच चेहऱ्यासमोर आहे, म्हणजे भागाकारात हाताचा रंगही मिसळतो आणि ब्लरमुळे तो कडेबाहेर सांडतो. ब्लरच्या आधी हाताचा भाग काढून आजूबाजूच्या त्वचेने भरावा लागेल, आणि हात गालाजवळ असताना भरायला त्वचा फार थोडी उरते. दोन, ब्लर लहान ठेवला तर पैलवानाच्या भुवया आणि गालफडांच्या रेषा भागाकारात उतरतात. मोठा ठेवला तर सावलीची कड पुसली जाते. मला यापेक्षा सावलीचा मास्क हाताने रोटो करून, प्लेटच्या जागेत, एका ग्रेडला देणे अधिक भरवशाचे वाटते. दहा फ्रेमचेच काम आहे.

रेवती_डीआय

दहा फ्रेमसाठी ते चालेल, हे मान्य. पण रोटोच्या सावलीचा रंग तुम्ही ठरवणार आणि भागाकारात तो प्लेटमधून येतो. मातीच्या उजेडामुळे त्या सावलीत लाल कमी घटत असणार, निळा अधिक. नजरेने केलेल्या सावल्या मला टेबलवर नेहमी करड्या मिळतात. हात आला नाही तेवढ्या फ्रेमवर तरी भागाकाराचे आकडे वाचून घ्या आणि रोटोच्या ग्रेडमध्ये तेच वापरा.

विनायक_इचलकरंजी

मृण्मयीताई, दंडाबद्दल मार्गदर्शन राहिले. स्थिर करून फ्रेमहोल्डशी वजाबाकी करण्याची युक्ती मी लावून पाहिली. दंडाच्या मध्यावर काहीच दिसत नाही, पण कडेला जोड-कड येते. म्हणजे बिंदू वाढवून उपयोग नाही, असेच ना?

मृण्मयी_शाहूपुरी

होय. बिंदू वाढवल्याने थरथर कमी होते, गोलाई येत नाही. गोंदण मध्यावर असेल तर आहे तेच पुरेल. कडेपर्यंत जात असेल तर कडेच्या पट्टीसाठी स्वच्छ त्वचेचा तुकडा दुसऱ्या संदर्भ फ्रेमवर रंगवा आणि दोघांची अदलाबदल विरवून करा.

अभिजित, ग्रेनबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून जोडते. मूळ प्लेटमधून डीनॉइज केलेली प्लेट वजा करून मिळणारा ग्रेन चेहऱ्यावर परत मिळवण्याची पद्धत सोपी आहे, पण डीनॉइजने पैलवानाच्या त्वचेचा थोडा तपशीलही उचललेला असतो. तो त्या ग्रेनबरोबर नटाच्या गालावर येतो आणि निरखून पाहिले की पैलवानाच्या भुवयांची पुसट बाह्यरेषा दिसते. चेहऱ्याच्या आत ग्रेन नोडने नवा ग्रेन द्या. व्ह्यूअरमध्ये `R`, `G`, `B` दाबून एकेक चॅनल शेजारच्या मानेशी जुळवा. बहुधा निळ्यात फरक सर्वांत जास्त निघतो. चेहऱ्याबाहेर मात्र मूळ प्लेटच कीमिक्सने जशीच्या तशी जाऊ द्या.

अभिजित_कोल्हापूर

सावलीच्या दोन्ही पद्धतींच्या फांद्या तयार केल्या आहेत आणि त्या एका स्विच नोडमध्ये जोडल्या आहेत. रेवतीताईंनी सांगितल्याप्रमाणे १०५९ ते १०६१ या हात येण्याआधीच्या फ्रेमवर भागाकार वाचला: गालावर लाल ०.७१, हिरवा ०.६४, निळा ०.६०. म्हणजे सावली खरोखरच करडी नाही. हे तीन आकडे रोटोच्या ग्रेडला दिले आहेत. १०६६ ला हात गालाच्या अगदी जवळ येतो तेथे रोटोची सावली चांगली दिसते. १०७० ला सावली विरत असताना मात्र भागाकाराची फांदी अधिक खरी वाटते. मध्ये एका पद्धतीतून दुसरीत जाण्यासाठी स्विचऐवजी डिझॉल्व लावून पाहतो आहे. १०६८ वर दोन्हींच्या उजेडात अजून थोडी तफावत आहे आणि ती कोणत्या फांदीची, ते ठरलेले नाही.